पायाखालच्या मातीचे दोन आकडे

१८ ऑक्टोबर १९१३. कॅनडातल्या विनिपेग शहराजवळ ट्रान्सकोना इथे नव्याने बांधलेल्या काँक्रीटच्या धान्यकोठारात गहू भरणं चालू होतं. कोठाराची क्षमता दहा लाख बुशेलची, आणि पावणेनऊ लाखांच्या आसपास गहू आत गेला होता. तेवढ्यात ही अवाढव्य इमारत जमिनीत उतरू लागली. पहिल्या तासाभरात ती सुमारे फूटभर खाली गेली, मग एका बाजूला झुकू लागली आणि दिवसभरात जवळपास २७ अंशांनी कलंडली. काँक्रीटच्या कोठ्या मात्र फुटल्या नाहीत, कारण दोष बांधकामात नव्हताच. पायाखालची चिकणमाती कातरली गेली होती. पायाच्या एका बाजूची माती खाली दबली आणि तेवढीच बाजूने वर उचलली गेली. पुढे खालच्या खडकापर्यंत आधार नेऊन ही इमारत सरळ करण्यात आली आणि वापरातही आली. म्हणूनच पाया-अभियांत्रिकीच्या प्रत्येक वर्गात तिचं नाव निघतं.

माती ‘फेल’ होते ती अशी. पाया घालताना अभियंता पहिली खबरदारी घेतो ती याच प्रकाराविरुद्ध. पण बहुतेक घरमालकांच्या वाट्याला येणारा त्रास या जातीचा नसतो. त्यांची इमारत कधी कलंडत नाही. राहायला आल्यावर दोन-तीन वर्षांनी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते, बाथरूमचं दार चौकटीला घासू लागतं, टाइल्सच्या सांध्यातून केसभर फट दिसते. पायाखालची माती कुठेही कातरलेली नसते. ती फक्त दबलेली असते, आणि सगळीकडे सारखी दबलेली नसते.

मातीच्या तपासणी अहवालात म्हणूनच दोन वेगळे आकडे असतात, किंवा असायला हवेत. पहिला निव्वळ सुरक्षित दाब: माती कातरली जाणार नाही याची पुरेशी खात्री ठेवून तिच्यावर किती दाब द्यावा, एवढंच तो सांगतो. दुसरा अनुज्ञेय दाब: माती कातरली जाऊ नये आणि त्याचबरोबर इमारत सोसेल त्याहून जास्त खचू नये, या दोन्ही अटी पाळणारा. दोहोंतला जो कमी, तो अनुज्ञेय. साइटवर मात्र या दोन्हींना मिळून एकच नाव असतं, एसबीसी. अहवाल हाती आला की मालक विचारतो, “साहेब, एसबीसी किती आली?” आणि उत्तर येतं, “साडेबारा टन.” हे साडेबारा टन कोणत्या अर्थाने, कोणत्या मापाच्या फूटिंगसाठी आणि किती खचण गृहीत धरून, हे कुणी विचारत नाही. गडबड इथेच सुरू होते.

आधी ‘निव्वळ’ म्हणजे काय ते पाहू. दीड मीटर खोल खड्डा घेतला तर त्या तळावर आजवर दीड मीटर मातीचं ओझं होतंच. दर घनमीटरला १.८ टन धरले तर हे ओझं चौरस मीटरला २.७ टन भरतं. तेवढा दाब खालच्या थराने पूर्वीच पचवलेला असतो. म्हणून जुन्या ओझ्याच्या वर नव्याने किती दाब आला, एवढंच मोजायचं. तो निव्वळ दाब. ही वजाबाकी करायची विसरली, किंवा दोनदा केली, तर फूटिंगचं माप चुकतं. ही चूक प्रत्यक्षात होते, कारण मातीचा अहवाल एकाच्या टेबलावर तयार होतो आणि फूटिंगचं डिझाइन दुसऱ्याच्या.

आता एक हिशेब. नदीकाठच्या प्लॉटवर तळमजला अधिक तीन मजल्यांची फ्लॅटची इमारत उभी करायची आहे असं समजा. दीड मीटर खोलीवर मध्यम घट्ट चिकणमाती लागते. फूटिंगच्या तळापासून ती पाच मीटर खोल जाते आणि त्याखाली कडक मुरूम आहे. नमुने प्रयोगशाळेत तपासल्यावर मातीची कातरताकद चौरस मीटरला ५ टन निघाली. इमारतीत चार मीटरच्या अंतरावर दोन कॉलम आहेत. मधल्या कॉलमवर ७८ टन येतात आणि कडेच्या कॉलमवर ४० टन. हे आकडे कुठल्या एका प्रत्यक्ष प्लॉटचे नाहीत, पण अशा प्लॉटवर आढळावेत असे आहेत.

पहिला आकडा काढणं सोपं आहे. आयएस ६४०३ या भारतीय मानकातल्या सूत्राने चिकणमातीची कातरताकद ५.१४ ने गुणायची, चौरस फूटिंगसाठी १.३ ने आणि खोलीसाठी, अडीच मीटरच्या फूटिंगला, १.१२ ने. उत्तर येतं चौरस मीटरला ३७.४ टन. एवढ्या दाबाला माती कातरली जाईल. त्याला सुरक्षिततेसाठी तीनने भागलं की साडेबारा टन. ७८ टन भागिले साडेबारा म्हणजे सव्वासहा चौरस मीटर, म्हणजे मधल्या कॉलमला अडीच मीटर बाय अडीच मीटरचं फूटिंग. कडेच्या कॉलमला १.८ मीटरचं चौरस फूटिंग घेतलं की तिथेही दाब जवळपास तेवढाच, साडेबारा टनांच्या किंचित खाली. कागदावर दोन्ही फूटिंग सारखीच सुरक्षित दिसतात. माती कातरली जाण्यापासून ती तिप्पट दूर आहेत आणि ट्रान्सकोनासारखं काही इथे घडणार नाही.

पण ती खचतील किती?

त्यासाठी दाब खाली कसा उतरतो ते पाहावं लागतं. फूटिंगखालचा दाब जसजसा खोल जातो तसतसा पसरत जातो. हातहिशेबासाठी अभियंते असं धरतात की दोन मीटर खाली गेलं की दाबाचं क्षेत्र प्रत्येक बाजूला एक मीटरने रुंदावतं. म्हणजे तळापासून अर्ध्या मीटरवर अडीच मीटरच्या फूटिंगचा भार तीन मीटर बाय तीन मीटर क्षेत्रावर पसरलेला असतो आणि दाब ८.७ टनांवर आलेला असतो. दीड मीटरवर तो ४.९, अडीच मीटरवर ३.१, साडेतीनवर २.२ आणि साडेचार मीटरवर १.६ टन. चिकणमातीचे मीटर-मीटर जाडीचे पाच थर केले तर प्रत्येक थराच्या मध्यावरचे हे दाब झाले.

प्रयोगशाळेत याच मातीची एक चकती धातूच्या कड्यात ठेवून तिच्यावर टप्प्याटप्प्याने वजन वाढवत नेलं. प्रत्येक टप्पा एक दिवस तसाच ठेवून चकती किती दबली ते मोजलं. त्यातून निघालं, की मीटरभर जाडीचा थर दर टन दाबाला सुमारे तीन मिलिमीटर दबतो. मग मधल्या फूटिंगखाली पहिला थर २६ मिलिमीटर दबेल, दुसरा साधारण १५, तिसरा ९, आणि शेवटचे दोन मिळून ११. एकूण ६१ मिलिमीटर. हाच हिशेब कडेच्या १.८ मीटरच्या फूटिंगखाली केला तर उत्तर येतं ४७ मिलिमीटर.

दोन्ही फूटिंगखाली दाब सारखाच आहे, तरीही मोठं फूटिंग १४ मिलिमीटर जास्त खचतं. लोकांच्या समजुतीत बसत नाही ती गोष्ट हीच. फूटिंग रुंद केलं की पाया मजबूत होतो असं सहज वाटतं, आणि भार तोच असेल तर ते खरंही आहे. पण दाब तोच ठेवून फूटिंग रुंद होतं, कारण भार वाढलेला असतो, तेव्हा त्याचा परिणाम जास्त खोलवर पोचतो. अरुंद फूटिंगखाली साडेतीन मीटरवर १.४ टन उरतात, रुंद फूटिंगखाली २.२. दबणाऱ्या मातीची जाडी वाढली की खचणही वाढते. कातरणीचा आकडा मात्र यातलं काहीच पाहत नाही. चिकणमातीत तो फूटिंगच्या रुंदीने फारसा बदलतच नाही.

आता या आकड्यांना मानकाशी ताडून पाहू. आयएस १९०४ नुसार मऊ चिकणमातीवरच्या आरसीसी चौकटीच्या इमारतीत सुट्या फूटिंगची एकूण खचण ७५ मिलिमीटरपर्यंत चालते. वाळूवर किंवा घट्ट चिकणमातीवर ५० पर्यंत. आपले ६१ मिलिमीटर ७५ च्या आत बसतात. कुणी इथेच थांबलं तर म्हणेल, सगळं ठीक आहे. पण याच तक्त्यात शेजारची अट आहे: दोन कॉलमच्या खचणीतला फरक त्यांच्यामधल्या अंतराच्या ६६६ व्या भागापेक्षा जास्त नसावा. चार मीटरला हा फरक सहा मिलिमीटर होतो. आपल्याकडे तो चौदा आहे.

ही मर्यादा आली कुठून? लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातले ॲलेक स्केम्प्टन आणि त्यांचे सहकारी डोनाल्ड मॅक्डोनाल्ड यांनी १९५६ मध्ये ९८ इमारतींच्या नोंदी एकत्र केल्या. कोणती इमारत किती खचली, कॉलम-कॉलममध्ये किती फरक पडला आणि भेगा पडल्या की नाही, हे त्यांनी मांडून पाहिलं. फरक अंतराच्या तीनशेव्या भागाजवळ पोचला की विटांच्या भिंतींना आणि प्लास्टरला भेगा पडू लागतात. दीडशेव्या भागाजवळ गेला की खुद्द कॉलम-बीमनाही इजा होते. त्यांचं हे निरीक्षण आजही पाठ्यपुस्तकांत उभं आहे. आपल्या उदाहरणात चार हजार मिलिमीटरला चौदा म्हणजे सुमारे दोनशे शहाऐंशीवा भाग. भेगांची रेषा ओलांडून झाली. माती कातरली जाण्यापासून तिप्पट दूर असलेली इमारत भेगाळण्याच्या उंबरठ्याच्या आत आलेली आहे.

इमारतीला एकूण खचणीचं फारसं दुःख नसतं, हेही इथे सांगायला हवं. सगळीकडे सारखी खचली तर पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या पाइपांचे सांधे, प्रवेशाची पायरी, शेजारच्या इमारतीचा जोड यांनाच त्रास होतो. भिंत फाटते ती फरकाने. पण फरक आधीच नेमका सांगता येत नाही, कारण माती दोन-तीन बोअरमध्ये तपासलेली असते आणि बोअरच्या मध्ये काय दडलंय ते कुणी पाहिलेलं नसतं. म्हणून एकूण खचणीवर मर्यादा घालून फरक आटोक्यात ठेवायचा, ही जुनी व्यवहारी वाट आहे. कार्ल टर्झागी आणि राल्फ पेक यांनी १९४८ च्या आपल्या पुस्तकात वाळूवरच्या फूटिंगसाठी सर्वांत मोठ्या फूटिंगची खचण इंचभर, म्हणजे २५ मिलिमीटर ठेवावी असं सुचवलं. तेवढं पाळलं तर इतरांशी फरक पाऊण इंचाच्या वर सहसा जाणार नाही, असा त्यांचा अंदाज होता. दोन्ही आकड्यांमागचं शास्त्रही बरंचसं टर्झागींचंच आहे. पाणी बाहेर पडत चिकणमाती कशी दबते याचा सिद्धांत त्यांनी १९२५ च्या जर्मन ग्रंथात मांडला आणि उथळ पायाखाली माती कशी कातरते याचं सूत्र १९४३ मध्ये दिलं.

वाळूत हे दोन आकडे आणखी ठळकपणे विरुद्ध दिशांना जातात. तिथे फूटिंग रुंद केलं की कातरणीचा सुरक्षित दाब वाढतो, कारण रुंद फूटिंग उखडायला जास्त माती ढकलावी लागते. पण खचणीच्या मर्यादेत बसणारा दाब रुंदीबरोबर घटतो. दोन्ही रेषा एका कागदावर काढल्या तर त्या कुठेतरी छेदतात, आणि मध्यम भरीव वाळूत हा छेद बहुधा मीटरभर रुंदीच्या आसपासच येतो. त्याहून अरुंद फूटिंगला कातरणीची भीती, रुंदला खचणीची. घराच्या कॉलमचं फूटिंग सहसा दीड ते तीन मीटरचं असतं. इमारतींमध्ये खचणीचा आकडाच शेवटी ठरवतो, त्याचं साधं कारण हे आहे.

आपल्या दोन कॉलमकडे परत येऊ. डिझाइन करणारा म्हणेल, मग सगळीकडेच दाब कमी करू. साडेबाराऐवजी दहा टन धरू. मधलं फूटिंग २.८ मीटरचं होईल, कडेचं दोन मीटरचं. खचण ६१ वरून ५३ वर आणि ४७ वरून ४२ वर येईल. काँक्रीट वाढलं, पण फरक चौदावरून अकरावर आला, आणि हवा होता सहा. सरसकट दाब उतरवून फरक फारसा मिटत नाही, कारण तो दाबामुळे नसून मापांच्या तफावतीमुळे आहे.

आता दुसरा मार्ग. कडेचं फूटिंग १.८ मीटरचं तसंच राहू द्या आणि मधलं तेवढं तीन मीटर बाय तीन मीटर करा. ७८ टन नऊ चौरस मीटरवर, म्हणजे ८.७ टनांचा दाब. पाच थरांचा हिशेब पुन्हा केला की खचण येते ४८ मिलिमीटर. कडेची ४७. फरक जवळजवळ संपला. एकाच प्लॉटवर, त्याच मातीत, चार मीटरच्या अंतरावर एका फूटिंगसाठी अनुज्ञेय दाब १२.३ टन आणि दुसऱ्यासाठी ८.७. निव्वळ सुरक्षित दाब दोन्हीकडे साडेबाराच्या घरातच. अनुज्ञेय दाब हा मातीच्या नमुन्याला चिकटलेला गुणधर्म नाही. माती, फूटिंगचं माप, शेजारचा कॉलम आणि वरची इमारत यांचा मिळून तो ठरतो. जिओटेक्निकल सल्लागाराने कॉलमचे भार न पाहता दिलेला एकच आकडा म्हणूनच अपुरा असतो. त्याला भार दिलेच नसतील तर तो तरी काय करणार?

या हिशेबाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. चार मीटरच्या अंतरावर फूटिंगचे पसरलेले दाब खोलवर एकमेकांत मिसळतात, त्यामुळे खालचे थर वरच्या आकड्यांपेक्षा जास्त दबतील. उलट चौकटीचे बीम ताठ असतात. ते थोडा भार जास्त खचणाऱ्या कॉलमकडून कमी खचणाऱ्याकडे वळवतात आणि फरक काहीसा कमी करतात. भार येताच होणारी तात्काळ खचण इथे धरलेली नाही. तिचा बराच भाग बांधकाम चालू असतानाच होऊन जातो आणि प्लास्टर चढायच्या आधी उरकतो. प्रयोगशाळेतल्या चकतीवरून आलेला आकडा प्रत्यक्षाला लावताना मातीच्या जातीनुसार आणखी सुधारणा करतात. चिकणमातीच्या खचणीसाठी कायमचा भार आणि वापराच्या भारातला सतत राहणारा भाग एवढाच घेतात, तर कातरणीसाठी पूर्ण भार. वरचे ७८ आणि ४० टन कायमचे आहेत असं धरलं आहे. इतकं असूनही या हिशेबाची दिशा बदलत नाही. मोठा भार आणि मोठं फूटिंग जिथे, तिथे जास्त खचण.

काळाचा प्रश्न आणखी अवघड. चिकणमाती दबते ती तिच्या कणांमधलं पाणी बाहेर पडेल तशी, आणि पाणी फार सावकाश निघतं. आपल्या पाच मीटर थराचं पाणी वरून आणि खालून दोन्ही बाजूंनी निघू शकलं आणि मातीचा दबण्याचा वेग मध्यम असला, तर नव्वद टक्के खचण व्हायला सुमारे अडीच-पावणेतीन वर्षं लागतात. खालचा मुरूम पाणी जाऊ न देणारा निघाला, म्हणजे पाणी फक्त वरूनच निघणार असलं, तर तीच खचण दहा वर्षं चालते. अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट होतो. ट्रान्सकोनात सगळं दिवसभरात उघड झालं होतं. इथे बिल्डरने सोसायटी हातात दिलेली असते, कंत्राटदार तिसऱ्या साइटवर असतो, आणि भेग दिसते तेव्हा सगळे प्लास्टरवाल्याला दोष देतात.

तिरप्या भेगेवरूनच पुष्कळ कळतं. प्लास्टर सुकताना पडलेल्या भेगा केसासारख्या, जाळीदार, कुठेही असतात आणि काही महिन्यांत थांबतात. खचणीची भेग खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरपी निघते, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्याला अरुंद असते, आणि बहुधा एकाच बाजूच्या भिंतींवर, एकाच दिशेने, मजल्यामागून मजल्यावर दिसते. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहून ठेवली आणि ती काही महिन्यांनी तडकली, तर हालचाल अजून चालू आहे हे नक्की होतं.

साइटवर अनेकदा दोन्ही आकड्यांसाठी एकच चाचणी पुरेशी मानली जाते: प्लेट लोड टेस्ट. ट्रायल पिटमध्ये तीस किंवा साठ सेंटिमीटरची लोखंडी प्लेट ठेवायची, वरून जॅकने दाब द्यायचा, डायल गेजवर खचण वाचायची. चाचणी खरी आहे, पण तिची नजर उथळ आहे. प्लेटचा दाब तिच्या रुंदीच्या दीड-दोन पट खोलीपर्यंतच जाणवतो. तीस सेंटिमीटरच्या प्लेटने फार तर दोन फूट माती तपासली. अडीच मीटरच्या फूटिंगचा दाब चार-पाच मीटर खोल जातो. वर कडक पापुद्रा आणि खाली मऊ चिकणमाती असेल तर प्लेट उत्तम निकाल देईल आणि इमारत मऊ थरामुळे खचेल. शिवाय ही चाचणी तासाभागांत संपते, आणि चिकणमाती वर्षानुवर्षं दबत असते. चिकणमातीच्या जागी खचणीचा आकडा फक्त प्लेट टेस्टवरून दिला असेल, तर तो अर्धाच आहे. बोअर घेऊन न बिघडवलेले नमुने काढणं आणि त्यांवर दबण्याची चाचणी करणं त्यासाठी टळत नाही.

खचण नेहमीच ठरवते असं मात्र नाही. सह्याद्रीच्या बेसॉल्टवर, पुण्या-साताऱ्याकडे, पाया कडक मुरमावर किंवा खडकावर बसला की खचण क्वचितच विचारात येते. तिथे खडकाचे सांधे आणि विदरलेले थर पाहिले जातात. काळ्या कापसाच्या जमिनीत प्रश्न उलटाच. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि त्यासाठी खोल जाण्याचे किंवा माती बदलण्याचे वेगळे उपाय लागतात. खाडीकाठच्या गाळात माती इतकी मऊ असते की सुटी फूटिंग बहुधा बादच होतात आणि पाइल घ्यावे लागतात. आणि सायलो किंवा तेलाची टाकी यांचा भार काही दिवसांत चढतो. चिकणमातीला पाणी बाहेर टाकून घट्ट व्हायला वेळच मिळत नाही. तिथे कातरणीचा आकडा पहिला. ट्रान्सकोनाची गोष्ट त्याच जातीची होती.

मातीचा अहवाल हाती आला की त्यात काय शोधायचं, हे यावरून उघड होतं. चांगल्या अहवालात एसबीसीपुढे एक आकडा नसून तक्ता असतो. दीड, दोन, अडीच, तीन मीटर रुंदीच्या फूटिंगसाठी, प्रत्येक खोलीवर, एका रकान्यात कातरणीवरून निव्वळ सुरक्षित दाब, दुसऱ्यात ठरावीक खचणीसाठीचा दाब आणि तिसऱ्यात दोहोंतला कमी. खचण कितीची धरली, २५, ४० की ५० मिलिमीटर, हे वर लिहिलेलं असतं. हे नसेल तर ‘साडेबारा टन’ यावरून काहीच कळत नाही. मालकाने आर्किटेक्टला विचारायचा प्रश्न एवढाच: हा आकडा कोणत्या रुंदीसाठी आणि किती खचणीसाठी आहे? स्ट्रक्चरल डिझायनरनेही कॉलमचे भार सल्लागाराकडे परत पाठवून सर्वांत जड आणि सर्वांत हलक्या फूटिंगची खचण तपासून घ्यायला हवी. हे दोन ईमेलचं काम आहे, आणि ते राहून जातं, ही फार खेदाची गोष्ट आहे. नंतर भेगा भरण्याला आणि पाया दुरुस्त करण्याला जो खर्च येतो, त्यापुढे मधलं एक फूटिंग अर्धा मीटर मोठं करण्याचा खर्च किरकोळ असतो.

जड कॉलमची फूटिंग मोठी करता करता ती एकमेकांना भिडू लागली आणि निम्म्याहून जास्त जागा व्यापू लागली, तर डिझायनर अखंड राफ्टचा विचार करतो. राफ्ट मऊ जागांवरून भार उचलून घेतो. म्हणूनच आयएस १९०४ मऊ चिकणमातीवरच्या आरसीसी इमारतीला राफ्टवर १०० मिलिमीटरपर्यंत एकूण खचण आणि अंतराच्या पाचशेव्या भागापर्यंत फरक चालू देतो. पण राफ्टचा दाब फार खोल जातो. वीस मीटर रुंदीच्या राफ्टखाली पंधरा मीटरवरचा मऊ थरही दबतो. तिथे पाच मीटरचे बोअर कामाचे नाहीत.

आणि हिशेब कितीही काळजीने केला तरी बांधकाम चालू असताना तो पडताळता येतो. प्लिंथच्या वर प्रत्येक महत्त्वाच्या कॉलमवर एक खूण पक्की करायची आणि इमारतीच्या प्रभावाबाहेर, शक्यतो खडकावर, एक स्थिर खूण ठेवायची. प्रत्येक स्लॅब पडल्यावर ऑटो लेव्हलने रीडिंग घ्यायचं आणि वहीत कॉलमनिहाय मिलिमीटर लिहायचे. आपल्या उदाहरणात तिसऱ्या स्लॅबला मधला कॉलम कडेच्या कॉलमपेक्षा चार-पाच मिलिमीटर जास्त उतरलेला दिसला, तर पुढच्या विटांच्या भिंती काही आठवडे थांबवून वेग पाहता येतो, प्लास्टर शेवटी ठेवता येतं, आणि पाण्याच्या पाइपांना लवचीक जोड देता येतात.